ग्राहकाचा फोटो आपल्या पानावर: परवानगी, श्रेय आणि कॅप्शन

प्रश्न: आमचा कॅनव्हासच्या बॅगा बनवायचा छोटा व्यवसाय आहे. एका ताईंनी रेल्वेच्या फलाटावर आमची बॅग पाठीला लावलेला त्यांचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला आणि आम्हाला टॅग केलं. फोटो फार सुंदर आलाय. तो आमच्या पानावर टाकायचा आहे. टॅग केलं म्हणजे परवानगी समजायची का? नाव कुठे द्यायचं? आणि आभार मानता मानता बॅगेची जाहिरात कशी करायची?

उत्तर:

टॅग म्हणजे परवानगी नव्हे. टॅग करून त्या ताईंनी त्यांच्या ओळखीच्यांना सांगितलं की ही बॅग तुमची आहे. तो फोटो तुम्ही तुमच्या विक्रीसाठी वापरा, असं त्या कुठेही म्हणालेल्या नाहीत. इन्स्टाग्रामवर फोटो टाकताना आपण तो वापरायची मुभा इन्स्टाग्राम कंपनीला देतो, तिथल्या इतर खात्यांना नाही. ‘आमचा हॅशटॅग वापरलात म्हणजे तुमची संमती’ असं काही ब्रँड बायोमध्ये लिहून ठेवतात, पण त्यावर मी कधीच विसंबत नाही. हॅशटॅग टाकणाऱ्याने तुमचा बायो वाचलेला असतोच असं नाही.

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मात्र मला आधी खटकली. बॅग ‘पाठीला लावलेला’ फोटो आहे, म्हणजे ताई स्वतः फोटोत आहेत आणि बहुधा पाठमोऱ्या आहेत. मग फोटो काढला कोणी?

फोटोचा कॉपीराइट सहसा तो काढणाऱ्याकडे असतो. फोटोत कोण दिसतं, फोनचा मालक कोण, बॅग कोणी विकत घेतली, यावर तो ठरत नाही. १८८६ च्या बर्न करारात सामील असलेल्या देशांत, म्हणजे जवळपास सगळीकडे, हा हक्क कुठलीही नोंदणी न करता फोटो काढताक्षणीच मिळतो. फोटोत ज्याचा चेहरा आहे त्याचा आपला चेहरा जाहिरातीत वापरू द्यायचा की नाही, हा हक्क वेगळा. म्हणजे एकाच फोटोसाठी दोन माणसांचा होकार लागू शकतो आणि नेमकं हेच बहुतेक जण विसरतात. ताईंनी आनंदाने ‘हो’ म्हटलं, पोस्ट गेली, आणि दोन दिवसांनी फोटो काढणाऱ्या व्यक्तीने खाली विचारलं, ‘हा फोटो माझा आहे, मला कोणी विचारलं?’ तर त्या प्रश्नाला उत्तर नसतं. फोटो लग्नातला किंवा एखाद्या कार्यक्रमातला असेल तर तो व्यावसायिक छायाचित्रकाराचा असण्याची शक्यता आणखी जास्त. अशा वेळी ग्राहकाने त्याला पैसे मोजले असले, तरी तिसऱ्या धंद्याच्या जाहिरातीसाठी ते फोटो द्यायचा हक्क ग्राहकाला मिळालेला असेलच असं नाही.

म्हणून परवानगी मागतानाच फोटो कोणी काढला हे विचारा. आधी पोस्टखाली एक छोटी कमेंट टाका, कारण तुमचा मेसेज अनोळखी खात्याकडून आलेला असल्यामुळे तो ‘रिक्वेस्ट’मध्ये जाऊन पडतो आणि आठवडा आठवडा कोणी उघडत नाही. ‘फोटो खूप आवडला, तुम्हाला मेसेज केलाय, सवडीने बघाल का?’ एवढं पुरे. परवानगीची सगळी बोलणी चारचौघांत कमेंटमध्ये करू नका. तिथे माणसाला ‘नको’ म्हणणं जड जातं आणि भिडेपोटी दिलेला होकार पुढे टिकत नाही.

मेसेज असा लिहा:

> नमस्कार! तुम्ही फलाटावरचा जो फोटो टाकलात तो आम्हाला मनापासून आवडला. आमच्या इन्स्टाग्राम पानावर तो पोस्ट म्हणून टाकायला तुमची परवानगी आहे का? फोटोत काही बदल करणार नाही. तुम्हाला टॅग करू आणि कॅप्शनमध्येही तुमचं नाव देऊ. त्याच कॅप्शनमध्ये बॅगेची माहिती आणि ती कुठे मिळेल हेही लिहिणार आहोत. वेबसाइटवर किंवा पैसे देऊन करायच्या जाहिरातीत फोटो वापरणार नाही, तसं काही ठरलं तर वेगळं विचारू. आणखी एक, फोटो तुम्ही स्वतः काढलाय की दुसऱ्या कोणी? त्यांनाही विचारायला हवं आणि त्यांचंही नाव द्यायला हवं. तुम्हाला नको वाटत असेल तर अगदी मोकळेपणाने सांगा.

या मेसेजमधली ‘बॅगेची माहिती आणि ती कुठे मिळेल’ ही ओळ गाळू नका. ‘तुमचा फोटो शेअर करू का?’ एवढंच विचारलं तर समोरच्याच्या डोळ्यांपुढे कौतुकाची एक पोस्ट येते. प्रत्यक्षात खाली ‘आजच मागवा’ दिसलं की आपला फोटो जाहिरातीला वापरला गेला असं त्याला वाटतं, आणि ते खरंही असतं. तुम्ही जे करणार आहात त्यालाच होकार मिळायला हवा. म्हणूनच कुठे वापरणार, काय बदलणार आणि कशासाठी, हे तिन्ही मेसेजमध्येच आलं पाहिजे.

उत्तराची घाई करू नका. उत्तर आलं नाही तर चार-पाच दिवसांनी एकदा आठवण करा आणि मग विषय सोडून द्या. उत्तर न येणं म्हणजे नकारच धरायचा. नुसता बदामाचा इमोजी आला तर तो होकार धरू नका, ‘मग टाकू ना?’ असं विचारून शब्दांत उत्तर घ्या. होकार आला की मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण पाठवलेला मेसेज पाठवणाऱ्याला मागे घेता येतो आणि मग तुमच्याकडे काहीच उरत नाही. मी प्रत्येक फोटोसाठी एक फोल्डर करतो. त्यात मूळ फोटो, परवानगीचा स्क्रीनशॉट, मूळ पोस्टची लिंक आणि परवानगी नेमकी कशाला मिळाली त्याची एक ओळ असते. वर्षभराने पान सांभाळणारा माणूस बदलला की याच ओळीचा आधार असतो.

आता तुमच्याच फोटोवर पुढचं सगळं करून बघू. धरून चला की ताईंचं उत्तर आलं: ‘हो, टाका की! फोटो मैत्रिणीने काढलाय.’ इथे ताईंचा होकार मिळाला, मैत्रिणीचा अजून बाकी आहे. ताई तिच्या वतीने हो म्हणू शकत नाहीत. तिचं खातं कोणतं ते विचारा, किंवा तिघांचा मिळून एक ग्रुप करून तिथे तिचा होकार घ्या. तिने लिहिलं: ‘चालेल, पण फोटो कापू नका आणि माझं नाव फोटोसाठी म्हणून लिहा.’ या दोन अटी झाल्या. त्या जशाच्या तशा पाळायच्या. तुमच्या पानाचा ठरलेला पिवळट फिल्टर या फोटोला लावायचा नाही, कोपऱ्यात लोगो चिकटवायचा नाही, आणि फोटो चौकोनात बसत नसेल तर तो पूर्ण मावेल असं माप निवडायचं.

मूळ फाइल मागून घ्या. पोस्टचा स्क्रीनशॉट काढून तोच पुन्हा टाकला की फोटो मऊ आणि धुरकट दिसतो, आणि कष्टाने फोटो काढणाऱ्याला ते चटकन कळतं. चॅटमधून साधा फोटो म्हणून पाठवला तरी तो दाबला जातो, म्हणून ईमेलने किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. फोटो हाती आला की तो मोठा करून कडा तपासा. मागे कोणा परक्याचा चेहरा स्पष्ट दिसतोय का, बॅगेला लटकलेल्या टॅगवर ताईंचा पत्ता किंवा फोन नंबर आहे का, तिकिटावरचं नाव वाचता येतंय का? ताईंच्या मोजक्या फॉलोअर्समध्ये हे कोणाच्या लक्षात आलं नसेल, तुमच्या पानावर कित्येक अनोळखी डोळे पडणार आहेत. असं काही आढळलं तर परस्पर खोडू नका, त्या दोघींना दाखवून तेवढा भाग धूसर करू का म्हणून विचारा. फोटोत लहान मूल असेल तर आईवडिलांची स्वतंत्र, स्पष्ट परवानगी लागते. मी तर अशा वेळी शक्यतो दुसरा फोटो निवडतो.

आता कॅप्शन. ताईंनी त्यांच्या मूळ पोस्टवर काय लिहिलं होतं ते आधी नीट वाचा. समजा, त्यांनी लिहिलं होतं: ‘तीन दिवसांचं सामान आणि लॅपटॉप एकाच बॅगेत! पट्टे मात्र थोडे रुंद हवे होते.’

पहिला मोह असा होतो की पहिलं वाक्य अवतरणात उचलायचं आणि दुसरं गाळायचं. तसं करू नका. तुम्ही ताईंना टॅग करणार आहात, म्हणजे वाचणारा एका टिचकीत त्यांच्या मूळ पोस्टवर जाणार आणि तुम्ही काय गाळलं ते त्याला दिसणार. शिवाय कोणाचे अर्धे शब्द आपल्या सोयीने वापरले की ते त्याचं मत राहत नाही. अवतरण द्यायचं तर पूर्ण द्या, नाहीतर देऊच नका आणि फोटोत जे दिसतंय ते तुमच्या शब्दांत सांगा. आणि सर्वात आधी, म्हणजे परवानगीच्याही आधी, पट्ट्यांबद्दल उत्तर द्या. ‘पट्टे रुततात का? खांद्याच्या कुठल्या भागात?’ असं विचारा. तक्रारीवर एक शब्द न बोलता फोटो मागितला की तुम्हाला बॅगेपेक्षा जाहिरात प्यारी आहे असा अर्थ निघतो.

दुसरा मोह फोटोतच लपलेला आहे. पावसाळी दिवस आहे, बॅगेवर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे आहेत. हात आपोआप ‘वॉटरप्रूफ’ टाइप करतो. पण मेण लावलेलं कॅनव्हास पावसाची सर झेलतं, बराच वेळ जोराचा पाऊस लागला तर शिलाईच्या भोकांतून आणि चेनमधून पाणी आत जातंच. ताईंनी वॉटरप्रूफ असं कुठेही म्हटलेलं नाही. त्यांच्या फोटोखाली तुम्ही तो शब्द लिहिला की तो दावा त्यांच्या अनुभवातून आल्यासारखा दिसतो, आणि एखाद्याचा लॅपटॉप भिजला की लोक जाब विचारायला त्यांच्याकडेही जातात. ग्राहकाच्या फोटोखाली तुमच्या उत्पादनाबद्दलचं प्रत्येक वाक्य तुम्हाला स्वतःला सिद्ध करता येईल असंच हवं. हा नियम ग्राहकाच्या स्तुतीलाही लागू आहे. त्याने उत्साहात काही चुकीचं लिहिलं असेल आणि तुम्ही ते आपल्या पानावर छापलंत, तर तो तुमचाच दावा धरला जातो.

हे सगळं न पाळता लिहिलेलं कॅप्शन साधारण असं होतं:

> आमच्या बॅगेच्या प्रेमात पडलेली आमची लाडकी ग्राहक! 😍 १००% वॉटरप्रूफ, ३० लिटर, आता फक्त मोजकेच नग शिल्लक! त्वरा करा, लिंक बायोमध्ये. #रिपोस्ट (फोटो क्रेडिट: ग्राहक)

प्रेमात पडल्याचं ताई म्हणालेल्या नाहीत. ‘आमची लाडकी’ ही जवळीक त्यांनी दिलेली नाही. ‘फोटो क्रेडिट: ग्राहक’ हे श्रेयच नव्हे, त्यातून कोणाचंही नाव कळत नाही. आणि आभाराचा एक शब्दही नाही. मोजकेच नग उरल्याची घाई अशा पोस्टमध्ये मला विशेष खुपते. त्या दोघींनी आपला फोटो दिला आणि त्यांच्याच नावाखाली वाचणाऱ्याला ढकलाढकली चालू आहे. साठा संपत आला असेल तर त्यासाठी वेगळी पोस्ट करा.

त्याऐवजी मी असं लिहीन:

> तीन दिवसांचं सामान आणि लॅपटॉप घेऊन निघालेल्या @ताईंचं_खातं. फोटो: @मैत्रिणीचं_खातं
>
> गाडीची वाट बघतानाचा हा क्षण आमच्या पानावर टाकू दिल्याबद्दल तुम्हा दोघींचे मनापासून आभार. आम्ही बॅग नेहमी टेबलावर ठेवूनच बघतो, ती प्रवासाला निघालेली बघून फार छान वाटलं.
>
> पाठीवर आहे ती आमची ३० लिटरची शेवाळी कॅनव्हास बॅग. लॅपटॉपचा कप्पा बाजूने वेगळा उघडतो, त्यामुळे फलाटावर लॅपटॉप काढताना बाकीचं सामान उपसावं लागत नाही. कापडाला मेण लावलेलं आहे, पावसाची सर ते झेलतं. मुसळधार पावसात मात्र आतल्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.
>
> बॅग बघायची असेल तर लिंक बायोमध्ये आहे.

नावं पहिल्याच ओळीत आहेत, कारण फीडमध्ये कॅप्शनची सुरुवातीची ओळ-दोन ओळीच दिसतात, बाकीचं ‘more’ मागे दडतं. हॅशटॅगच्या गर्दीत तळाशी दिलेलं श्रेय जवळपास कोणीच बघत नाही. ताई कोण आणि फोटो कोणाचा, हे दोन्ही वेगवेगळं कळतं. कॅप्शनमधल्या उल्लेखाबरोबर फोटोवरही दोघींना टॅग करा, म्हणजे फोटो नुसता बघणाऱ्यालाही नावं सापडतात. मात्र मैत्रिणीचा टॅग तिच्या अंगावर लावू नका, ती फोटोत नाहीच. तो रिकाम्या कोपऱ्यात ठेवा.

आभार कशाबद्दल ते नेमकं सांगितलं आहे: फोटो वापरू दिल्याबद्दल. ‘आमच्यावर विश्वास ठेवल्याबद्दल आभार’ हे वाक्य कुठल्याही फोटोखाली चिकटतं, म्हणून कोणालाच लागत नाही. शिवाय नेमक्या आभारातून वाचणाऱ्यालाही न सांगता कळतं की इथे विचारून फोटो घेतला जातो, आणि पुढच्या वेळी तुम्हाला टॅग करताना तो बिचकत नाही.

जाहिरात तिसऱ्या परिच्छेदात आली आणि ती फोटोला धरून आली. बॅगेची दहा वैशिष्ट्यं असतील, पण या फोटोत ज्याला अर्थ आहे अशी दोनच घेतली: फलाटावर उपयोगी पडणारा कप्पा आणि पावसातलं कापड. खिसे किती, रंग किती, हे दुकानाच्या पानावर असू द्या. पावसाबद्दलची मर्यादाही तिथेच सांगून टाकली. अशी एक खरी मर्यादा सांगितली की बाकीच्या दोन गोष्टींवर विश्वास बसतो, आणि बॅग परत येण्याचं प्रमाणही आटोक्यात राहतं. शेवटची ओळ ज्याला हवं त्याला वाट दाखवते, हात धरून ओढत नाही.

ताईंना बॅग फुकट किंवा सवलतीत दिली असेल, किंवा फोटोच्या बदल्यात कूपन दिलं असेल, तर ते कॅप्शनमध्ये सुरुवातीलाच स्पष्ट लिहायला हवं. ‘ही बॅग आम्ही त्यांना भेट दिली होती’ अशा साध्या वाक्यात. भारतासह अनेक देशांच्या जाहिरात-नियमांत असा संबंध उघड करणं बंधनकारक आहे. परवानगी मिळवण्यासाठी कूपन देऊ करायची पद्धतही मला पटत नाही. तुम्हाला आपसूक मिळालेला फोटो त्याने सौद्याचा होऊन जातो.

पोस्ट टाकण्याआधी कॅप्शनचा मसुदा दोघींना दाखवा. इथे बऱ्याचदा एखादी बारीक पण महत्त्वाची दुरुस्ती येते: ‘माझं ऑफिसचं खातं टॅग करू नका, दुसरं करा.’ खात्याच्या नावात एक टिंब किंवा अंडरस्कोर चुकला तर श्रेय भलत्याच माणसाला जातं, म्हणून पोस्ट झाल्यावर दोन्ही नावांवर स्वतः टिचकी मारून बघा. ताईंचं खातं खाजगी असेल तर नाव द्यायचं की नाही हे मुद्दाम विचारा. काही जणांना फोटो चालतो, पण ओळख नको असते. तेव्हा ‘फोटो परवानगीने, नाव त्यांच्या इच्छेनुसार दिलेलं नाही’ असं लिहा.

‘एवढं सगळं करण्यापेक्षा रिपोस्टचं बटण दाबू का?’ असंही तुमच्या मनात येईल. इन्स्टाग्रामने २०२५ मध्ये ते बटण दिलं आणि त्यात मूळ खात्याचं नाव आपोआप राहतं. पण मूळ कॅप्शनच तसंच राहतं, तुमचं आभाराचं आणि बॅगेच्या माहितीचं कॅप्शन त्याला लिहिता येत नाही. नुसतं कौतुक पोचवायचं असेल तर ते उत्तम. कोलॅब पोस्टचा पर्यायही आहे, पण त्यात तुमची जाहिरात ताईंच्या स्वतःच्या पानावरही दिसते. त्यांना ते हवंय का, हे वेगळं विचारल्याशिवाय निमंत्रण पाठवू नका.

पोस्ट गेल्यावर पहिला दिवसभर कमेंटवर लक्ष ठेवा. कोणी बॅग सोडून ताईंच्या दिसण्यावर, कपड्यांवर काही लिहिलं तर ती कमेंट लगेच काढा, त्यांनी सांगायची वाट बघू नका. त्या तुमच्या पानावर पाहुण्या आहेत.

पोस्ट चांगली चालली की ‘बूस्ट’ बटण खुणावू लागतं. तिथे थांबा. पैसे लावले की ती पोस्ट ताईंना न ओळखणाऱ्या हजारो लोकांपर्यंत ठरवून पोचवली जाते, आणि परवानगी त्याला नव्हती. दोघींना पुन्हा विचारा: किती दिवस चालवणार, कुठे दिसणार. या टप्प्यावर मी मानधन देऊ करतो, कारण आता त्यांचा फोटो तुमच्या जाहिरातीच्या बजेटचं काम करतोय. मानधन दिलंत तर तेही उघड करावं लागेल, हे आधीच सांगा. वेबसाइटवर किंवा छापील पत्रकावर टाकायचा असेल तरी हाच रस्ता. वेबसाइटवर मूळ फाइल जशीच्या तशी चढवू नका, फोनने काढलेल्या फोटोत जागेची माहिती लपलेली असू शकते. ती काढून मगच चढवा.

कधी ताईंचा किंवा मैत्रिणीचा मेसेज आला की ‘तो फोटो आता काढाल का’, तर कारण विचारू नका. पोस्ट काढा, हायलाइटमध्ये ठेवलेली स्टोरी काढा, चालू जाहिरात थांबवा, आणि मग कळवा: ‘फोटो सगळीकडून काढला आहे. इतके दिवस वापरू दिलात, त्याबद्दल आभार.’ छापून वाटलेली पत्रकं मात्र परत आणता येत नाहीत, आणि हे छापण्याची परवानगी मागतानाच त्यांना सांगायला हवं.